३६ चं ६३ करताना पाटीतलं आभाळ जागेवर कसं ठेवायचं

*वास्तुशांतीच्या पत्रिकेवर घराच्या दाराचा फोटो टाकायचाय. दाराजवळची पाटी चकचकीत सिरॅमिकची आहे. पांढऱ्यावर निळ्या रंगात हाताने ‘श्रमसाफल्य’ लिहिलंय आणि खाली घर क्रमांक. पण करणाऱ्याने ६३ च्या जागी ३६ लिहून दिलं. नवी पाटी महिन्याने येणार, पत्रिका याच आठवड्यात छापायला द्यायचीय. फोटोशॉपमध्ये ३ आणि ६ ची अदलाबदल करून बघितली, पण आकडे वरून चिकटवल्यासारखे दिसतात. पाटीत आभाळ, समोरचा कडुलिंब, विजेची तार असं सगळं दिसतं. ते तसंच ठेवून आकडा कसा बदलायचा? – जुळे सोलापूर*

तुम्ही ३ उचलून उजवीकडे नेलात तेव्हा त्या ३ वर पडलेलं आभाळही त्याच्यासोबत गेलं, आणि ६ डावीकडे आणलात तेव्हा त्याच्यावरची कडुलिंबाची सावळी कडाही इकडे आली. बघणाऱ्याला हे शब्दांत सांगता येत नाही, पण पाटीवरची तार मधेच तुटलीय आणि झाडाची कड उलट्या बाजूला पडलीय हे डोळ्याला खुपतं. काही जण याहून सोपी वाट शोधतात. ३ आडवा उलटवला की ६ सारखा दिसतो, म्हणून जागेवरच दोन्ही आकडे उलटवायचे. त्यात प्रतिबिंबही आरशात बघितल्यासारखं उलटतं, आणि हाताने लिहिलेल्या ६ ची शेपटी व ब्रशचा दाब ३ पेक्षा वेगळे असल्यामुळे आकडाही खोटा वाटतो. अदलाबदल फक्त निळ्या रंगाची करायची आहे. प्रतिबिंब जिथल्या तिथे राहिलं पाहिजे. त्यासाठी आधी ही दोन्ही एकमेकांपासून सोडवावी लागतील.

मी नव्या पेठेत वीसेक वर्षं फोटो दुरुस्तीचं काम करतोय. पाट्या, ट्रॉफ्या, काचेमागच्या तसबिरी असं चकाकणारं पुष्कळ हाताखालून गेलंय. पाटीचं काम त्यातल्या त्यात सरळ आहे, कारण तिचं गणित साधं आहे.

तुमच्या पाटीवर निळा रंग, बहुधा कोबाल्टचा, खाली आहे आणि त्याच्यावर ग्लेझचा पातळ थर. ग्लेझ म्हणजे भट्टीत वितळून पसरलेली काचच. कॅमेऱ्यात पाटीवरून दोन वेगळे उजेड येतात. पहिला काचेतून आत जातो, निळ्या किंवा पांढऱ्या थरावर आपटतो आणि त्याचा रंग घेऊन बाहेर येतो. दुसरा काचेच्या वरच्या पृष्ठभागावरूनच आरशासारखा परत फिरतो. पाटीकडे समोरून पाहिलं तर हा दुसरा वाटा पडलेल्या उजेडाच्या साधारण ४ टक्के असतो आणि तिरकं पाहावं तसा वाढत जातो. हा उजेड खालच्या रंगापर्यंत पोचलेलाच नसतो, म्हणून त्याला पाटीचा रंग लागत नाही. आभाळ पांढुरकं असेल तर निळ्या अक्षरावरही ते पांढुरकंच दिसणार. आणि तो खालच्या उजेडात सरळ मिळवला जातो: पांढऱ्यावर जेवढा, तेवढाच निळ्यावर.

आता गंमत बघा. तुमच्यासारख्याच एका पाटीवर मी मोजलेले आकडे सांगतो, फक्त लाल चॅनेलचे. झाडाचं प्रतिबिंब पडलं होतं तिथे पांढरा २०० आणि निळा ३०. आभाळाचं प्रतिबिंब होतं तिथे पांढरा २०८ आणि निळा ७१. तेच आभाळ, तेवढाच उजेड, पण पांढऱ्यावर फरक ८ चा आणि निळ्यावर ४१ चा. मोजताना चूक झालेली नाही. फोटोतले ० ते २५५ हे आकडे उजेडाच्या प्रमाणात चढत नाहीत. अंधाऱ्या भागाला जास्त पायऱ्या दिलेल्या असतात. हेच आकडे खऱ्या उजेडात बदलले, म्हणजे पूर्ण पांढऱ्याला १ धरलं, तर पांढरा ०.५८ वरून ०.६३ वर जातो आणि निळा ०.०१ वरून ०.०६ वर. दोन्हीकडे वाढ ०.०५ ची.

यातून कामाच्या दोन गोष्टी कळतात. एक, बेरीज-वजाबाकी खऱ्या उजेडात करायची, नाहीतर हिशेब जुळत नाही. फोटोशॉपमध्ये त्यासाठी फाईल `Image > Mode > 32 Bits/Channel` मध्ये न्यावी लागते; तिथे थर उजेडाच्या प्रमाणात मिसळतात. दुसरी गोष्ट जास्त मोलाची आहे. पांढऱ्या भागात प्रतिबिंब जवळजवळ दिसत नाही, ते दिसतं निळ्या रेघांत. म्हणजे पाटीवरची प्रत्येक निळी रेघ ही प्रतिबिंबाकडे उघडणारी खिडकी आहे. ‘श्रमसाफल्य’ची अक्षरं, खालचे दोन आकडे आणि पाटीला निळी किनार असेल तर तीसुद्धा. नवा आकडा जिथे पडेल तिथे आभाळ किती आणि झाड किती, हे या खिडक्यांतून वाचायचं.

काम सुरू करताना पहिली गोष्ट कोरी पाटी, म्हणजे आकडे पुसलेला थर. हे ३२ बिटमध्ये जाण्याआधी १६ बिटमध्येच उरका, कारण हीलिंग ब्रश ३२ बिटमध्ये चालत नाही. मूळ फोटोच्या थराची प्रत करा आणि तिच्यावर हीलिंग ब्रशने ३ आणि ६ पुसा, बाजूचा पांढरा घेत. आपोआप भरणाऱ्या साधनाच्या नादी लागू नका. ते शेजारच्या अक्षराचा तुकडा हौसेने आणून ठेवतं. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे पुसताना निळ्याच्या काठापर्यंतच थांबणं. मोबाईलचा कॅमेरा फोटो धारदार दिसावा म्हणून गडद अक्षराभोवती एक उजळ कड काढून ठेवतो, आणि जेपीईजीत रंगाची माहिती कमी बारकाईने साठवलेली असल्याने निळसर छटा काठाबाहेर दोन-तीन पिक्सेल सांडलेली असते. ती कड राहिली की जुन्या आकड्याचं भूत पांढऱ्यावर तरंगत राहतं. म्हणून काठापासून निदान चार-पाच पिक्सेल बाहेरपर्यंत पुसा. मग वर तात्पुरता `Curves` थर टाका आणि २०० च्या आसपासचा भाग रेघ जवळजवळ उभी करून ताणा. भूत असेल तर लगेच दिसेल. दिसलं तर पुन्हा पुसा. तपासून झालं की हा थर काढून टाका; शेवटी असाच एक पुन्हा लावायचाय.

पुसताना झाडाची कड आकड्याच्या मागून जात असेल तर ती पांढऱ्यावरही सात-आठ पायऱ्यांच्या फरकाने असतेच. सपाट पांढरं भरून ती मोडू नका. निळ्या रेघेत ती कड कुठे आत शिरली आणि कुठे बाहेर पडली हे दिसतं. त्या दोन बिंदूंमधून पांढऱ्यावरचीही कड जाऊ द्या.

दुसरी गोष्ट आकड्यांचा मास्क. तो उजेडावरून आपोआप निवडायला गेलात तर आभाळाने फिकट केलेला निळा भाग सुटतो आणि मास्कमध्येच प्रतिबिंबाची खाच पडते. पेन टूलने काठ हाताने काढा. लाल चॅनेल एकटा लावून बघितलात तर काठ सगळ्यात स्वच्छ दिसतो, कारण कोबाल्ट निळ्यात लाल अगदी कमी असतो. मग काठाचा मऊपणा मोजा. जुन्या आकड्यात पांढऱ्यापासून निळ्यापर्यंत जायला किती पिक्सेल लागतात ते मोठं करून बघा. ग्लेझखालचा रंग भट्टीत किंचित पसरतो, त्यामुळे तो काठ कधीच ब्लेडने कापल्यासारखा नसतो. तीन पिक्सेल लागत असतील तर मास्कलाही तेवढीच मऊ कड द्या. चिकटवल्यासारखं दिसण्याचं निम्मं कारण हा काठ असतो.

आता ३२ बिटमध्ये जा. थर एकत्र करायचे का असं विचारेल, नाही म्हणा. मूळ फोटो तळाशी, त्यावर कोरी पाटी. तिच्यावर एक ग्रुप करा आणि आकड्यांचा मास्क त्या ग्रुपला लावा. ग्रुपच्या आत तळाला कोऱ्या पाटीची प्रत, तिच्यावर निळ्याने भरलेला थर `Multiply` मोडमध्ये, आणि त्याच्यावर प्रतिबिंबाचा थर `Linear Dodge` मोडमध्ये, जो सध्या रिकामा आहे. ग्रुपचा मोड `Normal` ठेवा.

मास्क ग्रुपलाच का, हेही सांगतो. बरेच जण निळ्या थरावर प्रतिबिंबाचा थर क्लिप करतात. तसं केलं की फोटोशॉप आधी प्रतिबिंब निळ्यात मिसळतं आणि मग ते सगळं पांढऱ्याशी गुणतं. प्रतिबिंब वरून मिळवलं जायचं सोडून रंगाचा भाग होऊन बसतं, आणि आकडा चकचकीत दिसण्याऐवजी नुसता उडालेल्या रंगाचा दिसतो. मी स्वतः यात दोन दिवस घालवलेत, म्हणून सांगतोय. ग्रुपचा दुसरा फायदा असा की आकडा बदलायचा म्हणजे पुढे फक्त एक मास्क बदलायचा.

निळा रंग ठरवताना हिशेब करत बसू नका. झाडाचं प्रतिबिंब जिथे सगळ्यात गडद आहे तिथला जुना निळा बघा. तिथे आभाळाची भेसळ सगळ्यात कमी असते. ग्रुपमधला निळा त्या जागी जुन्या निळ्याशी जुळेपर्यंत बदला. माझ्या पाटीत झाडाखाली ३० दिसणाऱ्या लालसाठी भरायच्या रंगात लाल ४१ ठेवावा लागला, कारण तो २०० च्या पांढऱ्याशी गुणला जातो. तुमचा आकडा वेगळा निघेल.

आणि आता माझ्या पद्धतीतली मुख्य गोष्ट. लगेच ६३ लिहू नका. आधी ३६ च पुन्हा बनवा.

ग्रुपवर ३६ चाच मास्क असताना, प्रतिबिंबाचा थर रिकामा असताना, पडद्यावर तुम्हाला आभाळ नसलेला, सपाट निळा ३६ दिसेल. या दृश्याचा एक एकत्रित थर करून घ्या (`Ctrl+Alt+Shift+E`). त्याच्या खाली मूळ फोटोची प्रत आणा आणि एकत्रित थर `Subtract` मोडमध्ये टाका. मूळ वजा सपाट, म्हणजे उरलं ते निव्वळ प्रतिबिंब, आणि तेही नेमकं जेवढं वरून मिळवायला हवं तेवढंच. पडदा बहुतेक काळा होईल आणि ३ व ६ च्या आकारांत आभाळाचे तुकडे, झाडाची कड, तारेची काळी रेघ असं दिसेल. याचा पुन्हा एकत्रित थर करून तो ग्रुपमध्ये प्रतिबिंबाच्या जागी `Linear Dodge` मोडमध्येच ठेवा, आणि ग्रुपच्या वरचे दोन्ही तात्पुरते थर काढून टाका. आता ग्रुप आणि त्याखालची कोरी पाटी दोन्ही एकत्र चालू-बंद करून मूळ फोटोशी ताडून बघा. ३६ हुबेहूब तसाच दिसत असेल तर तुमचं यंत्र बरोबर बसलंय. काठावर काळी किंवा पांढरी रेघ आली तर मास्क पिक्सेलभर सरकलाय. प्रतिबिंबाच्या थरात झाडाच्या सगळ्यात गडद जागीही निळी-जांभळी छटा उरली तर निळा चुकलाय. जुना आकडा परत बनवता येत नसताना नवा बनवायला गेलात तर चूक कशात आहे हे कधीच कळणार नाही, कारण ताडून बघायला काही नसतं.

इथवर आलात की ६३ मांडायचे. दोन्ही आकडे फोटोतच आहेत, त्यामुळे फाँट शोधायची गरज नाही. करणाऱ्याच्या हाताचं वळण आयतं मिळालं. मास्कमधला ३ उजवीकडे आणि ६ डावीकडे न्या. फक्त मास्क, फोटो नव्हे. फोटो जरा बाजूने काढला असेल तर जवळचा आकडा मोठा आणि लांबचा लहान असतो, म्हणून नेताना माप बदलावं लागेल. पाटीच्या वरच्या आणि खालच्या कडा एकमेकींकडे किती झुकल्यात ते बघा आणि आकड्यांची डोकी-तळ त्याच उतारावर बसवा.

अंतराचीही एक गोम आहे. ३६ मध्ये दोघांच्या पाठी एकमेकींकडे असतात, ‘छत्तीसचा आकडा’ त्यावरूनच आला. ६३ मध्ये दोघं तोंडासमोर तोंड करून बसतात. पाठी भिडल्या होत्या तेव्हा जे अंतर बरोबर दिसत होतं, तेच आता मधे पोकळी वाटतं. दोघांना किंचित जवळ आणा. किती ते पट्टीने ठरत नाही; वरच्या ‘श्रमसाफल्य’मधल्या अक्षरांच्या मोकळ्या जागांशी डोळ्याने जुळवा आणि जोडी मधोमध आहे ना ते बघा.

याच कारणाने एक अडचण येते. जुन्या आकड्यांच्या फुगीर पाठी मधे होत्या, नव्यांच्या बाहेरच्या अंगाला आहेत. जिथे नवी रेघ जुन्या रेघेवरून जाते तिथे प्रतिबिंब खरं आहे, फोटोतूनच काढलेलं. पण बाहेरच्या पाठी पडतात तिथे पूर्वी पांढरं होतं, म्हणून प्रतिबिंबाच्या थरात तिथे काळं आहे. नुसता मास्क बदललात तर आकडा अर्धा चकचकीत आणि अर्धा मेलेला दिसेल. तिथे प्रतिबिंब भरावं लागेल.

भरताना खिडक्या वापरा. कोऱ्या पाटीच्या आणखी एका प्रतीत ‘श्रमसाफल्य’वर आणि किनारीवरही पांढरं ढोबळ फिरवा, त्यांचाही मास्क करा आणि वजाबाकी पुन्हा करा. इथे फार अचूकपणा नको, फक्त वाचायचंय. आता आकड्यांच्या वर, खाली आणि बाजूला प्रतिबिंबाचे नमुने मिळतील. आभाळाचा भाग सोपा असतो: जवळच्या दोन नमुन्यांचे रंग उचला, मोठ्या मऊ ब्रशने मधलं भरा, थोडं ब्लर करा. रंग उचलूनच घ्या, मनाने पांढरा लावू नका. आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारचं आभाळ भुरकट पांढरं असतं आणि सकाळचं निळसर, आणि हा फरक गडद निळ्यावर लगेच कळतो. कडुलिंबाची कड पान-पान काढायची नाही. जिथे ती ठाऊक आहे ते बिंदू जोडा आणि कड जुन्या रेघेत जेवढी फाटकी दिसते तेवढीच फाटकी ठेवा.

तारेला मात्र वेळ द्या. तार झोळ घेऊन जाते, सरळ नाही. वरच्या अक्षरांत ती कुठे कापते, जुन्या ३ मध्ये कुठे, किनारीत कुठे, असे तीन-चार बिंदू धरून पेन टूलने एकच वळण काढा आणि प्रतिबिंबाच्या थरात तेवढ्या जाडीची गडद रेघ द्या. ग्लेझ कधी काचेसारखी सपाट नसते. ती रेघ जुन्या आकड्यांत जशी थरथरते तशीच नव्यातही थोडी थरथरू द्या. मागे एका गिऱ्हाइकाच्या पाटीवर मी सगळं केलं आणि तार विसरलो. त्यांच्या आईने चष्मा न लावता सांगितलं, ‘अरे, पाटीतली तार तुटलीय.’ बाई रोज त्या पाटीसमोर तुळशीला पाणी घालायच्या.

पाटीवर कुठे उन्हाचा ठिपका असेल, तिन्ही चॅनेल २५५ वर टेकलेला, तर तिथे कुठलंच गणित चालत नाही. तिथली माहिती फोटोत नाहीच. नवा आकडा त्या ठिपक्याखालून जात असेल तर तो तिथे दिसेनासा झाला पाहिजे, आणि काठाला हळूहळू परत आला पाहिजे. नवशिक्याचं काम इथे ओळखू येतं: आकडा ठिपक्यावरून ऐटीत गेलेला असतो. ठिपका मूळ फोटोतून कापून, मऊ कडेसह सगळ्यात वर ठेवून द्या. तुमचा जुना आकडाच ठिपक्याखाली असेल तर कोरी पाटी करतानाही ठिपक्याला हात लावू नका.

आणखी एक मर्यादा. मोबाईल फोटो काढतानाच अंधार उजळवतो आणि उजेड दाबतो, तेही जागोजागी वेगळ्या प्रमाणात. त्यामुळे पांढऱ्या आणि निळ्यावरची वाढ तंतोतंत सारखी येईलच असं नाही. एका आकड्याला जुळलेला निळा दुसऱ्याला जरा वेगळा लागू शकतो. थोडाफार फरक डोळ्याने जुळवा. फार असेल आणि मोबाईलमध्ये रॉ फोटोची सोय असेल तर त्यातून सुरू करा.

शेवटी दाणा. पुसून भरलेला पांढरा आणि भरलेला निळा हे दोन्ही मूळ फोटोपेक्षा गुळगुळीत असतात. मोठं करून बघितलं की तेवढाच भाग मेणासारखा दिसतो. दोन्हीकडे किंचित नॉइज घाला, निळ्यात जरा जास्त, कारण मोबाईलच्या फोटोत गडद भागात दाणा जास्त असतो. मग थर एकत्र करून फाईल १६ बिटमध्ये परत आणा. त्या वेळी `HDR Toning` ची खिडकी उघडेल आणि फोटो भडक होऊन नजरेसमोर येईल. घाबरू नका. तिथे `Method` मध्ये `Exposure and Gamma` निवडा, एक्स्पोजर ० आणि गॅमा १ ठेवा, फोटो जसा होता तसा येईल. मग तसाच ताणलेला `Curves` चा थर पुन्हा लावून भूत आणि काठ शेवटचं बघून घ्या.

हे सगळं फोटो एकच असेल तर. पण तुमची चुकीची पाटी अजून भिंतीवरच आहे, आणि दाराचा फोटो पुन्हा काढणं शक्य असेल तर भरण्याचं निम्मं काम वाचतं. मोबाईल स्टँडवर पक्का बसवा, फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, एक फोटो असाच काढा. मग कुणाला तरी काळी घोंगडी धरून अशा जागी उभं करा की पाटीत आभाळाऐवजी घोंगडी दिसेल, आणि मोबाईलला हात न लावता टायमरवर दुसरा काढा. दुसऱ्यात प्रतिबिंब जवळजवळ नाही. पहिल्यातून दुसरा वजा केला की सगळ्या पाटीचं प्रतिबिंब हातात, पांढऱ्यावरचंसुद्धा. फक्त घोंगडीने पाटीवर पडणारा उजेडही थोडा अडतो. म्हणून पाटीशेजारच्या साध्या, न चकाकणाऱ्या भिंतीचा तुकडा दोन्ही फोटोंत मोजा आणि ती सारखी होईपर्यंत दुसरा फोटो उजळवा, मगच वजाबाकी करा. झाडाची पानं आणि ढग हलतात, तेव्हा दोन फोटोंत अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ नको. घोंगडीच घ्या. पहिल्यांदा हा प्रयोग केला तेव्हा घरात हाताशी होती म्हणून मी सोलापुरी चादर धरली, आणि पाटीत तिची नक्षी इतकी सुरेख उमटली की त्या चादरीचीच जाहिरात झाली असती.

पोलरायझर फिल्टरही प्रतिबिंब मारतो, पण तो पाटीकडे बऱ्यापैकी तिरकं पाहिल्यावरच, काचेसाठी समोरच्या रेघेपासून साधारण ५६ अंशांवर. दाराच्या समोरून काढलेल्या फोटोत त्याचा फारसा उपयोग नाही.

किती बारकाईने करायचं हे छपाईवरून ठरवा. फोटो ४००० पिक्सेल रुंद असेल आणि पत्रिकेवर ५ इंच रुंद छापायचा असेल तर ३०० डीपीआयला त्याचे १५०० पिक्सेल होतात. पाटी फोटोत ७०० पिक्सेल असेल तर छापल्यावर ती जेमतेम २६० पिक्सेल, म्हणजे सव्वादोन सेंटिमीटर. तिथे तार दिसणार नाही. आभाळ-झाडाची मोठी विभागणी आणि काठाचा मऊपणा एवढंच दिसेल. पण तीच पत्रिका व्हॉट्सॲपवरही जाणार, आणि ‘६३ कुठाय बघू’ म्हणून लोक दोन बोटांनी मोठं करून बघणार. फाईल त्या हिशेबाने करा.

फोटो पत्रिकेपुरताच वापरा. घरपट्टीच्या किंवा बँकेच्या कागदाला पत्त्याचा पुरावा म्हणून हा बदललेला फोटो जोडायचा नाही. तिथे खरी पाटी लागल्यावर नवा काढा.

आणि प्रेसमध्ये देताना एक बघा. असा गडद निळा छपाईच्या चार शाईंत गेला की हमखास जांभळट होतो, आणि मग वाटतं की आपणच रंग चुकवलाय. फाईल सीएमवायकेत नेल्यावर निळ्यातली मॅजेंटा थोडी कमी करा. ती अख्ख्या पाटीच्या निळ्यात सारखीच कमी करा, नुसत्या ६३ मध्ये नको, नाहीतर वरचं ‘श्रमसाफल्य’ एका निळ्यात आणि आकडा दुसऱ्याच निळ्यात छापून येईल.